रोज सकाळी एक प्रश्न, एका मिनिटाचं बोलणं : वहिनीची मराठी कुठे अडते?

विभा_प्रतापनगर

नमस्कार मंडळी,

माझी वहिनी जबलपूरची. लग्न होऊन नागपुरात आली त्याला बरीच वर्षं झाली. मराठी तिला सगळं समजतं. मालिका, आईचं फोनवरचं बोलणं, भाजीवाल्याशी चाललेली घासाघीस, यातलं काही तिच्या कानातून सुटत नाही. पण उत्तर द्यायची वेळ आली की हिंदी. आणि नागपुरात त्यावाचून तिचं काही अडत नाही. बर्डीवर, मेट्रोत, दवाखान्यात तिचं पहिलं मराठी वाक्य जरा अडखळलं की समोरचाच हिंदीवर येतो. १९५६ पर्यंत हे शहर हिंदी-मराठी अशा दोन भाषांच्या प्रांताची राजधानी होतं, ती सवय अजून आपल्या जिभेवर आहे.

आता आई थकली आहे. दिवसभर हिंदीत बोलायचा तिला शीण होतो. त्यामुळे वहिनीनेच मनावर घेतलं. दिवाळीनंतर आम्ही व्हॉट्सअॅपवर छोटा गट केला. वहिनी, तिच्या शेजारच्या छत्तीसगडच्या बाई आणि माझ्या ऑफिसमधला तरुण नावाचा मुलगा, तो रायपूरचा. मी रोज सकाळी पावणेसातला एक छोटा प्रश्न टाकते. झोपायच्या आधी प्रत्येकाने एक मिनिटभर मराठीत बोलून ऑडिओ पाठवायचा. लिहून पाठवायचं नाही, एवढाच नियम.

ऑडिओ नियमित येतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण गाडी एका जागी थांबली आहे. मी विचारलं, "काल काय खाल्लं?" तर उत्तर येतं, "मी पोळी खाल्लं, भात खाल्लं, भाजी खाल्लं." मी परत ऑडिओ पाठवते, "अच्छा, पोळी खाल्ली का, छान." वहिनी म्हणते, "हो हो." आणि दोन दिवसांनी पुन्हा "पोळी खाल्लं". शेजारच्या बाई कागदावर लिहून वाचून दाखवतात असाही मला संशय आहे.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. सकाळचा प्रश्न कसा असावा? आणि चूक नेमकी कशी सांगावी, म्हणजे ती परत होणार नाही?

सुनंदा_मानेवाडा

विभाताई, फार चांगला उपक्रम. माझा मुलगा शेवटच्या वर्षाला आहे. लेखी परीक्षेत पुढे असतो, पण मुलाखतीत इंग्रजी बोलायला सांगितलं की गप्प. मागच्या महिन्यात एका कंपनीच्या मुलाखतीत त्याला "स्वतःबद्दल सांगा" म्हटलं आणि तो नाव-गाव सांगून थांबला. त्याला तुमच्या गटात घ्याल का? रोज सकाळी इंग्रजीचा एक विषय टाकलात तर त्याला सवय लागेल.

विभा_प्रतापनगर

सुनंदाताई, आमचा गट मराठी शिकणाऱ्या हिंदीभाषकांचा आहे, इंग्रजीचा नाही. पण रीत तीच चालेल. त्याच्या वर्गातली दोन-तीन मुलं जमवा. विषय तुम्ही मराठीत टाकलात तरी चालेल, उत्तर त्यांनी इंग्रजीत द्यावं.

राहुल_वर्धारोड

माझं मत जरा वेगळं आहे. चुका काढूच नका. लहान मूल मराठी कसं शिकतं? त्याला कोणी लिंग-वचन शिकवतं का? ऐकत राहतं, बोलत राहतं, आपोआप सुधारतं. वहिनींना ऐकायला भरपूर मराठी मिळतंय. एक दिवस सगळं आपोआप बाहेर येईल. चूक दाखवली की माणूस बिचकतो आणि बोलणंच बंद करतो. माझ्या बायकोचं तसंच झालं, ती तेलुगू आहे. आमच्या घरी सगळे तिच्या मराठीला हसायचे, तिने सोडूनच दिलं.

अनघा_शिकवणी

विभाताई, मी बरीच वर्षं बदली होऊन नागपुरात आलेल्या हिंदीभाषक अधिकाऱ्यांना मराठी शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी राहुल यांचं. हसल्यामुळे माणूस गप्प होतो हे अगदी खरं, आणि तुमच्या घरी झालं ते वाईट झालं. पण "ऐकून ऐकून आपोआप बाहेर येईल" हे मोठ्या माणसाच्या बाबतीत होत नाही. कॅनडात इंग्रजी घरांतली मुलं फ्रेंच शाळांत वर्षानुवर्षं सगळे विषय फ्रेंचमधून शिकत होती. त्यांना समजायचं उत्तम, पण बोलण्यात लिंग आणि क्रियापदांच्या चुका तशाच राहिल्या. मेरिल स्वेन या अभ्यासिकेने १९८५ मध्ये त्यावर लिहिलं. तिचं म्हणणं थोडक्यात असं की ऐकताना आपण अर्थ पकडतो आणि पुढे जातो. "खाल्ली" की "खाल्लं" हे ऐकणाऱ्याला ठरवावं लागत नाही, बोलणाऱ्याला लागतं. तुमच्या वहिनी नेमक्या तिथेच उभ्या आहेत. म्हणून रोज बोलायला लावण्याची तुमची वाट बरोबर आहे.

आता "पोळी खाल्लं". ही चूक त्यांची कमी आणि प्रश्नाची जास्त. तुम्ही विचारलंत, "काल काय खाल्लं?" मराठीत "काय" आलं की क्रियापद नपुंसकलिंगी होतं. त्यांनी तेच उचललं आणि पोळी, भात, भाजी सगळ्यांना चिकटवलं. शिकणारा माणूस प्रश्नातून जेवढं उसनं मिळेल तेवढं घेतो. म्हणून जे रूप त्याच्याकडून हवं आहे ते प्रश्नात ठेवायचंच नाही.

मी प्रश्नाऐवजी फोटो पाठवते. जेवणानंतरच्या स्वयंपाकघराच्या ओट्याचा फोटो आणि खाली दोनच शब्द, "रात्रीची आवराआवर". क्रियापद नाही, प्रश्नचिन्ह नाही. बोलणाऱ्याला भांडी, ओटा, दूध, गॅस यांच्याबद्दल काही तरी म्हणावंच लागतं, आणि प्रत्येकाचं रूप स्वतःच ठरवावं लागतं. सकाळच्या वेळेचा इथे फायदा होतो, कारण सकाळी "काल" सहज येतो. भूतकाळ ओढून आणावा लागत नाही. हाच फोटो रात्री पाठवलात तर "मी भांडी घासते, ओटा पुसते" असं रोजच्या सवयीचं वर्णन येईल, आणि त्यात कर्माच्या लिंगाशी काही संबंधच येत नाही. अडचणीची जागा बगल देऊन जाते.

हे एकदा करून बघा आणि वहिनी नेमकं काय म्हणाल्या ते शब्दशः इथे लिहा. चूक कशी सांगायची ते त्यावरून ठरेल.

पांडुरंग_अकोला

विभाताई, मी त म्हन्तो तुमच्या वहिनीले नागपूरची मराठी शिकवा, पुन्याची नाही. "मी भांडे घासून राह्यली" असं म्हनू द्या ना. हिंदीत "घिस रही हूँ", आपल्याकडं "घासून राह्यली". तिले दोन दिसात जमते. "घासतेय" कायले पायजे? बर्डीवर कोन बोलते तसं?

विभा_प्रतापनगर

अनघाताई, आजच फोटो टाकला. वहिनीचा ऑडिओ जसाच्या तसा उतरवते:

"रात्री सगळे जेवले. मग मी भांडे घासले. ओटा पुसली. दूध गरम केला. मग गॅस बंद केली. आणि... ते... लाइट बंद केली आणि झोपली."

एक लक्षात आलं. या वेळी एकाही ठिकाणी "केलं" नाही! सगळी वेगवेगळी रूपं आली, चुकीची असतील, पण तिने स्वतः निवडलेली.

अनघा_शिकवणी

छान नमुना आहे. यात दिसायला सारख्या पण मुळात निरनिराळ्या चुका आहेत, आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत.

"दूध गरम केला" आणि "गॅस बंद केली" या एका जातीच्या. हिंदीत दूध पुल्लिंगी, गॅस स्त्रीलिंगी. मराठीत दूध नपुंसक, गॅस पुल्लिंगी. म्हणजे क्रियापद कर्माप्रमाणे चालतं हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. फक्त शब्दांची लिंगं हिंदीतून आली.

"ओटा पुसली" मात्र वेगळी. ओट्याचं लिंग चुकलं असं मला वाटत नाही. "आ"कारान्त शब्द हिंदीतही बहुधा पुल्लिंगीच धरला जातो. इथे क्रियापद ओट्याप्रमाणे न जाता बोलणाऱ्या बाईप्रमाणे गेलं. का? कारण हिंदीत "मैंने" मधला "ने" कानाला सांगतो की आता क्रियापद कर्माकडे जाणार. मराठीत "त्याने", "आईने" म्हणतो, पण "मी" आणि "तू" यांना "ने" लागत नाही. "मी गेले" मधला "मी" आणि "मी ओटा पुसला" मधला "मी" दिसायला एकच. खूणच नाही, म्हणून क्रियापद कधी कर्माकडे जातं, कधी स्वतःकडे.

हे खरं आहे का ते तपासता येतं. उद्या तोच फोटो टाका, पण खाली लिहा, "सासूबाईंची आवराआवर". आता त्यांना "आईंनी" म्हणावं लागेल आणि "नी" कानावर पडेल. माझा अंदाज बरोबर असेल तर ओटा सुधारेल आणि दूध-गॅस तसेच राहतील.

माधवराव_धरमपेठ

अनघाताईंचं विवेचन आवडलं. पण "झोपली" कडे सगळ्यांनी दुर्लक्ष केलं. प्रथमपुरुषी स्त्रीलिंगी एकवचन "मी झोपले". "मी झोपली" हे अशुद्ध आहे. सुरुवातीलाच ही सवय मोडली पाहिजे. आणि पांडुरंगजी, "घासून राहिली" हे हिंदीचं भाषांतर आहे, मराठी नव्हे. मराठी शिकायचीच तर नीट शिकवावी.

पांडुरंग_अकोला

माधवराव, माही आजी कधी जबलपूरले गेली नाही, तिले हिंदी येत नव्हती. थे "मी गेली", "मी झोपली" असंच म्हने. थे अशुद्ध कशी?

विभा_प्रतापनगर

अनघाताई, तुम्ही म्हणालात तसंच झालं. आजचा ऑडिओ:

"आईंनी भांडे ठेवले. आईंनी ओटा पुसला. आईंनी दूध गरम केला. गॅस बंद केली."

ओटा बरोबर आला! दूध आणि गॅस जिथे होते तिथेच. मी तिला काहीच शिकवलं नव्हतं. मला खरंच आश्चर्य वाटलं.

आता पुढे? आणि माझं "अच्छा, पोळी खाल्ली का" का लागू पडत नाही?

अनघा_शिकवणी

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते. तुम्ही चुकीचं वाक्य बरोबर करून सहज परत म्हणता. सगळ्यात मायाळू पद्धत आहे ही, आणि जवळपास प्रत्येक शिक्षक तीच वापरतो. रॉय लिस्टर आणि लैला रांटा यांनी १९९७ मध्ये अशाच फ्रेंच वर्गांचा अभ्यास मांडला. शिक्षक सर्वांत जास्त हीच पद्धत वापरत होते, आणि मुलं स्वतःचं वाक्य दुरुस्त करून परत बोलण्याचं प्रमाण याच पद्धतीत सर्वांत कमी होतं. कारण साधं आहे. वहिनींना वाटतं, तुम्ही त्यांच्या जेवणाची चौकशी करताय. "हो हो" हे त्या चौकशीचं उत्तर आहे. दुरुस्ती झाली हे त्यांना कळलेलंच नसतं.

त्याऐवजी त्यांचंच वाक्य अर्ध्यावर आणून सोडा. ऑडिओत एवढंच म्हणा, "आईंनी दूध गरम...?" आणि थांबा. पुढचा शब्द त्यांनी परत पाठवायचा. "केलं" आला तर उत्तम. परत "केला" आला तर लिंग माहीत नाही हे सिद्ध झालं, मग सरळ सांगा, "आपलं दूध". अडकवायचं ते एकाच जागी. एका ऑडिओत पाच चुका असल्या तरी त्या दिवशी एकच घ्या. कोणती घ्यायची ते फोटो निवडतानाच ठरवून ठेवा. बाकीच्या कानाआड करायच्या. राहुल म्हणतात तो बिचकण्याचा धोका त्यामुळे बराच टळतो.

लिंगासाठी नुसता शब्द पाठ करून उपयोग होत नाही, कारण "गरम दूध" म्हटलं तरी लिंग दिसत नाही. शब्दाला कायम "आपला, आपली, आपलं" चिकटवून बोलायचं. आपलं दूध, आपला गॅस, आपला चहा, आपलं दही, आपलं पुस्तक, आपलं घर, आपला आवाज. हिंदी आणि मराठीत लिंग बदलणारे रोजच्या घरातले शब्द तेवढे आधी घ्यायचे. पोळी, भाजी, खिडकी यांत हिंदीभाषक फारसा चुकतच नाही, तिथे वेळ घालवू नका.

आणि "मी" च्या चुकीसाठी दोन पायऱ्या. आज "सासूबाईंची आवराआवर", तीन-चार दिवसांनी तोच फोटो आणि "माझी आवराआवर". आधी "नी" च्या आधाराने रूप जिभेवर बसतं, मग आधार काढून घ्यायचा.

विभा_प्रतापनगर

तोच फोटो परत टाकला तर त्यांना कंटाळा नाही येणार? मी रोज नवीन विषय शोधण्यात अर्धा तास घालवते.

अनघा_शिकवणी

नवीन विषय रोज नकोच. नवीन विषय आला की सगळी शक्ती "काय बोलू" यात जाते, "कसं बोलू" यासाठी काही उरत नाही. पॉल नेशन या न्यूझीलंडच्या प्राध्यापकांनी एक सराव बराच प्रचारात आणला. तीच गोष्ट एकाला चार मिनिटांत सांगायची, दुसऱ्याला तीन मिनिटांत, तिसऱ्याला दोन मिनिटांत. मजकूर तोच असल्यामुळे जीभ मोकळी होते. ऐकणारा मात्र दर वेळी नवा हवा, नाहीतर सांगण्यात जीव राहत नाही. तुमच्या लोकांना चार मिनिटं झेपणार नाहीत. पहिल्या दिवशी वेळ मोकळा ठेवा, दुसऱ्या वेळी एक मिनिट, तिसऱ्या वेळी पाऊण. आणि तिसऱ्या वेळी वहिनींनी तुम्हाला नाही, तुमच्या आईंना समोर बसून सांगायचं.

एक धोका सांगून ठेवते. मधे दुरुस्ती न करता भराभर तेच तीनदा सांगितलं तर चूकसुद्धा तितक्याच सफाईने पक्की होते. म्हणून "दूध गरम...?" हा थांबा पहिल्या आणि दुसऱ्या वेळेच्या मधे हवा.

राहुल_वर्धारोड

म्हणजे दुरुस्ती करायची, पण कमी आणि नेमकी. हे पटतंय. तरी मला अजून वाटतं की ऑडिओपेक्षा समोरासमोर बोलणं बरं. ऑडिओत माणूस चार वेळा खोडून परत रेकॉर्ड करतो, मग ते खरं बोलणं राहतं का?

अनघा_शिकवणी

खोडून परत बोलला तर माझी हरकत नाही. चार वेळा बोलणं झालं की! वाचून दाखवलं तर मात्र फुकट. आणि ते कानाला कळतं. मनातून बोलणारा माणूस वाक्याच्या मधे थांबतो, शब्दाच्या आधी. विभाताईंनी वर उतरवलंय तसं, "आणि... ते... लाइट". वाचणारा बहुधा वाक्य संपल्यावर थांबतो, आणि आवाज एकसारखा उतरत जातो. संशय आला तर वाचलंत का असं विचारू नका, त्याने माणूस दुखावतो. त्या ऑडिओतल्याच एखाद्या गोष्टीवर लगेच प्रश्न विचारा, "कढई कुणाची होती?" कागदावर त्याचं उत्तर नसतं.

तरुण_रायपूर

नमस्कार सर्वांना. मी विभा मॅडमचा गटमध्ये आहे. लिहायला वेळ लागला, पण मराठीतच लिहितो.

मला लिंगचा त्रास कमी आहे. मला "से" चा त्रास आहे. हिंदीत सगळा "से". मी काल ऑडिओमध्ये बोललो, "मी सुभाषनगरने मेट्रोने आलो, सीताबर्डीला बदललो, आणि बहिणपासून बोललो." मॅडम बहिणवर थांबल्या. पण मला सगळे सारखे वाटतात. कुठे ने, कुठे पासून, कुठे शी?

अनघा_शिकवणी

तरुण, तुम्ही इथे मराठीत लिहिलंत, फार बरं वाटलं. तुमचं "मेट्रोने" अगदी बरोबर आहे. ज्या साधनाने काम होतं त्याला "ने", मेट्रोने, चाकूने, हाताने. सुभाषनगर हे साधन नाही, निघण्याची जागा आहे, म्हणून "सुभाषनगरहून आलो". "पासून" म्हटलं की तिथून पुढे अंतर किंवा काळ मोजायचा असतो, "सुभाषनगरपासून सीताबर्डीपर्यंत", "सोमवारपासून". आणि ज्याच्यासोबत बोलणं, भांडण, लग्न, मैत्री होते त्याला "शी". बहिणीशी बोललो. तुलना आली की "पेक्षा", पण तो आज सोडा.

विभाताई, तरुणसाठी फोटो नको, प्रवास द्या. "घर ते ऑफिस, वाटेत कोण भेटलं." मेट्रोत बसणं, सीताबर्डीला गाडी बदलणं, कुणाशी तरी बोलणं, या तिन्ही जागा त्याच्या रोजच्या वाटेवर आपोआप येतात. एक दिवस फक्त "शी" वर थांबा, दुसऱ्या दिवशी फक्त "हून" वर.

माधवराव_धरमपेठ

माझ्या प्रश्नाचं उत्तर राहून गेलं. "मी झोपली" चं काय करणार?

अनघा_शिकवणी

माधवराव, खरं सांगायचं तर मी स्वतः यावर पूर्ण ठाम नाही. पांडुरंगजींच्या आजी बोलायच्या ती विदर्भातली जुनी रीत आहे, हिंदीभाषकाची चूक नाही. नागपुरात कित्येक मराठी बायका "मी गेली होती" म्हणतात. मी माझ्या वर्गात "मी झोपले" शिकवते, कारण माझ्या लोकांना उद्या पुण्याला किंवा नाशिकला बदली होऊ शकते आणि लेखी परीक्षाही असते. पण वहिनींना सासूबाईंशी बोलायचं आहे. घरात सासूबाई काय म्हणतात?

विभा_प्रतापनगर

आई "मी झोपली" च म्हणते! मीही घरात तसंच म्हणते, आता लक्षात आलं. इथे लिहिताना "झोपले" येतं.

माधवराव_धरमपेठ

तरीही शाळेत वहिनींची मुलं "मी झोपले" शिकणार आणि आई वेगळं बोलणार. मला ते पटत नाही. तुम्ही ठरवा.

पांडुरंग_अकोला

शायेत शिकतीन, घरी बोलतीन. आमी तसंच केलं. पन अनघाताई, "करून राह्यली" वर तुमी काहीच बोलल्या नाही.

अनघा_शिकवणी

पांडुरंगजी, "करून राहिली" मी चूक म्हणून कधीच थांबवत नाही. नागपुरात ऐकू येतं, समजलंच पाहिजे. पण आधी तेच शिकवायला मी कचरते. हिंदीभाषकाला ते इतकं सोपं जातं की तो सगळीकडे तेच वापरतो. "रोज काय करता?" विचारलं तरी "रोज चहा करून राहिली". साधं "करते" जिभेवर येतच नाही. म्हणून आधी "करते", "केलं" बसू द्यायचं. वऱ्हाडी माणूस दोन्ही कुठे वापरायचं ते जाणतो, शिकणाऱ्याला ते अजून कळत नाही.

पांडुरंग_अकोला

हे थोडं पटते. पुरं नाही.

सुनंदा_मानेवाडा

मुलाचे दोन मित्र तयार झालेत. अनघाताईंचं वाचून मी त्यांना "स्वतःबद्दल सांगा" दिलंच नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेचा फोटो आणि "कालचं प्रॅक्टिकल" एवढंच लिहिलं. मुलगा मिनिटभर बोलला. इंग्रजीत भूतकाळ चुकला की बरोबर हे मला कळत नाही, ते त्याच्या मावशीला ऐकवते.

विभा_प्रतापनगर

वहिनीचा "माझी आवराआवर" चा ऑडिओ आला. "मी भांडी घासली. ओटा पुसला. दूध गरम... केलं. गॅस बंद केली." ओटा आता "मी" बरोबरही टिकला. दूध थांबून थांबून, पण आलं. आणि "भांडे" चं "भांडी" कधी झालं ते कळलंच नाही, मी त्यावर थांबलेही नव्हते. गॅस राहिला आहे. उद्या गॅसवर थांबते.

तरुणचा एक प्रश्न आहे. तो म्हणाला, "मी चहा प्यायलो." मी म्हटलं बरोबर. मग त्याने विचारलं, "मॅडम, चहा कर्म आहे ना, मग मी पोळी खाल्ली तसं मी चहा प्यायला का नाही?" मला उत्तर देता आलं नाही.

अनघा_शिकवणी

तरुण अगदी योग्य जागी अडला. पिणे, शिकणे, विसरणे, बोलणे ही थोडी क्रियापदं कर्म असूनही भूतकाळात बोलणाऱ्याप्रमाणे चालतात. मी चहा प्यायलो, मी धडा शिकलो, मी तिचं नाव विसरलो. तो मुलगा म्हणून "प्यायलो", वहिनी म्हणतील "प्यायले", नागपुरी घरात "प्यायली". "तो", "ती" यांनाही इथे "ने" लागत नाही, "ती चहा प्यायली". हिंदीत "मैंने चाय पी" आहे, म्हणून हिंदीभाषक इथे अडतोच. यांचा वेगळा दिवस ठेवा. फोटो नको, फक्त लिहा, "बाजारात गेल्यावर आठवलं नाही ते". प्रत्येक जण "विसरलो", "विसरले" म्हणेल. पिशवी, पाकीट, पैसे, असं तीन लिंगांचं काहीही विसरलं तरी क्रियापद बदलत नाही, हे त्यांना स्वतःच्याच तोंडून ऐकू येईल. पण गॅस आधी पुरा होऊ द्या. हे दोन्ही एका आठवड्यात दिलंत तर ओटासुद्धा परत "पुसली" वर जाईल.